नथ की चीर? जुना फोटो दुरुस्तीला देण्याआधीचा स्कॅन

माझ्या आत्याच्या कपाटात १९५६ सालचा एक लग्नाचा ग्रुप फोटो होता. कोणे एके काळी कोणीतरी त्याची घडी घालून तो पाकिटात ठेवला आणि पुढची कित्येक वर्षे तो तसाच राहिला. गेल्या दिवाळीत घरातल्या एका मुलाने त्याचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, दुसऱ्याने तो जुने फोटो दुरुस्त करून देणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये घातला, आणि मिनिटभरात घडीच्या रेघा नाहीशा झालेला लख्ख फोटो सगळ्यांच्या हातात आला. आत्याने तो चष्मा पुसून पुसून पाहिला आणि विचारले, "आईची नथ कोणी काढली रे?"

घडीची एक रेघ माझ्या आजीच्या कपाळाच्या कडेपासून नाकावरून थेट ओठांपर्यंत गेली होती. अ‍ॅपने ती पुसली आणि तिच्याबरोबर नथही पुसली. दोष अ‍ॅपला द्यावासा वाटतो, परंतु त्याच्यापुढे जे चित्र ठेवले गेले होते ते मी नंतर मोठे करून पाहिले, तेव्हा त्यात नथ कुठे संपते आणि चीर कुठे सुरू होते हे मलाही सांगता येईना. मूळ कागदावर मात्र साध्या भिंगातून दोन्ही स्वच्छ वेगळ्या दिसत होत्या. म्हणजे हरवले ते दुरुस्तीत नव्हे, त्याच्या आधीच्या पायरीवर. हा लेख त्या पायरीबद्दल, म्हणजे फाटलेली किंवा चुरगळलेली प्रिंट स्कॅन करताना कोणते आकडे निवडायचे आणि का, याबद्दल आहे.

पिक्सेल म्हणजे मॅटीच्या कापडाचे घर

ज्यांनी मॅटीच्या कापडावर क्रॉसस्टिच केले आहे, त्यांना हा विषय निम्मा आधीच कळलेला आहे. त्या कापडाला चौकोनी घरे असतात आणि एका घरात एकाच रंगाचा टाका बसतो. कापड जाडेभरडे असेल, तर मोराचा डोळा एका टाक्यात उरकावा लागतो. घरे बारीक असतील, तर त्याच डोळ्यात बुबुळ आणि कडा वेगळी दाखवता येते. डिजिटल चित्रातले असे एक घर म्हणजे पिक्सेल. कागदाच्या एका इंचात स्कॅनर किती घरे आखणार, तो आकडा म्हणजे रिझोल्यूशन, आणि स्कॅनरच्या खिडकीत तो `dpi` या नावाने दिसतो. पुढे मी नुसते "३००वर", "६००वर" असे म्हणेन.

एका घराचा एकच रंग, ही अट इथे कळीची आहे. ज्या घरात अर्धी पांढरी चीर आणि अर्धी काळी केसांची बट येते, त्या घराला स्कॅनर दोहोंच्या मधला राखाडी रंग देऊन टाकतो. एकदा ही सरमिसळ झाली की त्या राखाडीतून पुन्हा पांढरे आणि काळे वेगळे काढण्याचा खात्रीचा मार्ग नाही. पुढचे कोणतेही सॉफ्टवेअर जे करते, तो अंदाज असतो.

नथीचा हिशेब

आमचा फोटो फुल प्लेटचा आहे, म्हणजे साडेआठ इंच गुणिले साडेसहा इंच. त्यात जवळजवळ चाळीस माणसे असल्यामुळे आजीचा चेहरा कागदावर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आला आहे. प्रत्यक्षात चेहरा सुमारे १४० मिलिमीटर रुंद धरला, तर फोटोतली प्रत्येक वस्तू तेवीसेक पटींनी लहान झालेली आहे. नथीतला पाच मिलिमीटरचा मोती या मापाने कागदावर ०.२ मिलिमीटरचा होतो. आणि घडीवर इमल्शन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर, तडकून जी चीर पडली आहे, तिची रुंदीही जवळपास तेवढीच, ०.२ मिलिमीटर. चीर पांढरी, कारण खालचा कागद उघडा पडला आहे. मोतीही पांढरा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या दर्जात पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १,६०० पिक्सेलपर्यंत लहान केला जातो. साडेआठ इंचांत १,६०० घरे म्हणजे इंचाला १८८. या जाडसर कापडावर ०.२ मिलिमीटरच्या मोत्याच्या वाट्याला दीड घर येते. मोत्यामागे मोती ओवलेला आहे हे दाखवायला मधली काळी फट वेगळी दिसावी लागते आणि दीड घरात ती मावत नाही. त्यामुळे मोत्यांची ओळ वितळून एक फिकट वाकडी रेघ उरते, आणि तिला छेदून जाणारी चीरही तशीच फिकट रेघ असते. ३००वर मोत्याला सुमारे अडीच घरे मिळतात, म्हणजे परिस्थिती काठावरची. ६००वर पाच घरे मिळतात, आणि मग मोती गोल दिसतो, चीर कोनाकोनांनी तडकत गेलेली दिसते, आणि ती चेहऱ्याबाहेर मागच्या मांडवाच्या कापडावरही चालू राहते हे लक्षात येते. माणसाला आणि यंत्राला दोघांनाही इथेच फरक कळू लागतो.

दुरुस्ती करणारे सॉफ्टवेअर नेमके काय करते?

आपोआप दुरुस्तीची बहुतेक साधने एकामागून एक दोन-तीन कामे करतात. पहिले काम म्हणजे इजा कुठे आहे ते शोधून तेवढ्या भागाचा नकाशा बनवणे. याला मास्क म्हणतात. भिंत रंगवण्याआधी खिडकीच्या काचांवर कागद चिकटवतात, त्याच्या नेमके उलटे हे काम आहे: जिथे रंग लावायचा तेवढीच जागा उघडी ठेवायची. दुसरे काम म्हणजे त्या जागेत आजूबाजूला पाहून भर घालणे. चुकीच्या मास्कवर कितीही सुबक भर घातली तरी नथ जाणारच, आणि मास्कची अचूकता थेट स्कॅनवर अवलंबून असते.

तिसरे काम चेहऱ्यांचे, आणि तिथे आकडे आणखी बोलके आहेत. `GFPGAN` आणि `CodeFormer` ही चेहरे सुधारणारी दोन बहुप्रचलित साधने प्रत्येक चेहरा कापून ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलच्या चौकटीत बसवतात आणि तिथे तो नव्याने रेखाटतात. आजीच्या चेहऱ्याभोवतीचा केस-पदरासकटचा चौकोन कागदावर एक सेंटिमीटरचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रात तो ७४ गुणिले ७४ पिक्सेल, म्हणजे सुमारे साडेपाच हजार घरे. चौकटीला लागतात दोन लाख बासष्ट हजार. शंभरातली दोन घरे आजीची, उरलेली अठ्ठ्याण्णव सॉफ्टवेअरची. ६००वर हाच वाटा एकवीस टक्क्यांवर जातो आणि १,२००वर पंच्याऐंशीवर. हा हिशेब ढोबळ आहे, कारण प्रत्येक पिक्सेलमध्ये नवी माहिती असतेच असे नाही. पण चेहरा अनोळखी का वाटतो, याचे उत्तर त्यात आहे.

उरलेली घरे कुठून येतात? साधन ज्या चेहऱ्यांवर शिकले, त्यांच्यातून. वरची दोन्ही साधने ज्या संग्रहावर शिकली त्यात फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेले ७०,००० चेहरे आहेत. त्यात नऊवारीतल्या, ठसठशीत नथ घातलेल्या बायका किती असतील याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी.

मग ३००, ६०० की १,२००?

"३०० पुरे" हे वाक्य छापखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले. चित्र त्याच आकारात पुन्हा छापायचे असेल, तर हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला ३०० खरोखर पुरते. परंतु आपल्याला छापायचे नाही, इजा आणि चित्र एकमेकांपासून सोडवायचे आहेत, आणि इजा अनेकदा चित्रातल्या बारकाव्यांइतकीच बारीक असते. म्हणून चिरलेल्या, फाटलेल्या प्रिंटसाठी माझ्या मते ६०० हा किमान आकडा आहे.

१,२०० कधी? फोटो कसा बनला होता त्यावर ते ठरते. निगेटिव्ह लहान आणि प्रिंट मोठी केलेली असेल, तर त्या मोठ्या करण्यातच बारकावा पसरलेला असतो, आणि ६००च्या पुढे गेल्यावर बहुधा कागदाची पोतच अधिक स्वच्छ दिसते. पण पूर्वी स्टुडिओवाले तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्यात फुल प्लेट किंवा हाफ प्लेट निगेटिव्ह वापरत आणि ती निगेटिव्ह कागदाला थेट टेकवून तेवढ्याच मापाची प्रिंट काढत. तिला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. तिच्यात विलक्षण बारकावा असतो, आणि तिथे १,२००ला अर्थ आहे. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातून आलेल्या सव्वादोन इंची चौकोनी चिमुकल्या प्रिंटांनाही हेच लागू होते.

तर्क करत बसण्यापेक्षा आपल्याच फोटोला विचारावे. चेहरा आणि चीर दोन्ही येतील असा दीड-दोन इंचांचा तुकडा १,२००वर स्कॅन करावा, तो निम्मा लहान करून पुन्हा पूर्ववत मोठा करावा, आणि मूळ तुकड्याशी ताडून पाहावा. इमेजमॅजिक हे फुकट साधन असेल, तर एका ओळीत होते:

```
magick tukda1200.tif -resize 50% -resize 200% tapasni.tif
```

दोन्ही चित्रे पूर्ण आकारात एकावर एक ठेवून आलटून पालटून पाहिली आणि पापण्या, दागिने, चिरेच्या कडा यांत काहीही हलले नाही, तर १,२००ने ६००पेक्षा अधिक काही दिलेले नाही. आमच्या फोटोत मोत्यांमधल्या फटी निम्म्या आकारात अंधुक झाल्या, म्हणून मी १,२०० घेतले.

खोक्यावरचा मोठा आकडा

स्कॅनरच्या खोक्यावर कधी कधी दहा-वीस हजारांचे आकडे छापलेले असतात. ते इंटरपोलेटेड, म्हणजे दोन खऱ्या घरांच्या मध्ये गणिताने घातलेली घरे मोजून आलेले. दुधात पाणी घातले तर मापे वाढतात, दूध वाढत नाही. पाहायचा तो ऑप्टिकल आकडा, जो घरगुती स्कॅनरांत सहसा २,४०० किंवा ४,८०० लिहिलेला असतो. तोही सेन्सरची क्षमता सांगतो, भिंगाची नव्हे. पण प्रिंटसाठी लागणारे ६०० किंवा १,२०० त्यातून आरामात निघतात.

याच जातीचा दुसरा घोळ म्हणजे, आलेल्या चित्राचा `dpi` नंतर ७२चा ३०० करणे. फाइलमधला तो आकडा केवळ छपाईसाठीची चिठ्ठी आहे. चिठ्ठी बदलली म्हणून एकही घर वाढत नाही.

घडीच्या रेघेला दिवा कुठून लागतो

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण रिझोल्यूशन बरोबर ठेवूनही स्कॅन बिघडतो तो बहुतेक वेळा या कारणाने.

संध्याकाळी उतरत्या उन्हात नांगरलेले शेत पाहावे. ऊन सऱ्यांना आडवे येत असेल, तर प्रत्येक सरीची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी दिसते. ऊन सऱ्यांच्या लांबीने येत असेल, तर तेच शेत सपाट भासते. स्कॅनरमध्ये हेच घडते. त्याचा दिवा म्हणजे काचेच्या रुंदीभर पसरलेली एक पट्टी असते, ती काचेच्या लांबीने सरकत जाते, आणि उजेड त्या पट्टीच्या एकाच बाजूने तिरका पडतो. घडीची रेघ पट्टीला समांतर असेल, तर उंचवट्याच्या एका अंगाला पांढरी कड आणि दुसऱ्या अंगाला काळी सावली उमटते. कागदावर ०.२ मिलिमीटरची असलेली चीर स्कॅनमध्ये मिलिमीटरभर रुंद दिसू लागते, आणि सॉफ्टवेअर तेवढी सगळी रुंदी इजा समजून पुसते, म्हणजे गालाचा धडधाकट भागही.

उपाय साधा आहे: मुख्य घडी पट्टीच्या सरकण्याच्या दिशेला समांतर येईल असा फोटो ठेवावा. स्कॅन झाल्यावर चित्र फिरवून सरळ करता येतेच. आमच्या फोटोला उभी आणि आडवी अशा दोन्ही घड्या होत्या, तेव्हा एका ठेवणीत दोन्ही सांभाळणे शक्य नव्हते. अशा वेळी एक स्कॅन सरळ आणि दुसरा फोटो अर्धा वळसा फिरवून, म्हणजे डोके खाली पाय वर, असा घ्यावा. दोन्हींत सावली विरुद्ध बाजूंना पडते. दुसरे चित्र फिरवून सरळ केले, फोटोशॉपमध्ये दोन्ही थर `Auto-Align Layers` वापरून जुळवले आणि वरच्या थराची पारदर्शकता निम्मी केली, की सावली आणि उजळ कड एकमेकांना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. जे पांढरे उरते, ते खरोखर इमल्शन उडालेले ठिकाण. मास्क फक्त त्याचा करायचा. मी हे प्रथम केले तेव्हा निम्म्याहून अधिक "इजा" ही केवळ सावली होती असे दिसले.

फोटो सपाट करण्यासाठी त्यावर इस्त्री फिरवू नये, हे सांगायला नको असे मला वाटत होते. पण इस्त्री फिरवलेले फोटो माझ्याकडे आले आहेत. कोरडे जिलेटिन ठिसूळ असते आणि उलट्या दिशेने दाबल्यास नवी चीर पडते. स्कॅनरच्या झाकणाचे वजन आणि फार तर वर एखादे पुस्तक, एवढेच. पातळ, हलक्या, यूएसबीच्या तारेवर चालणाऱ्या स्कॅनरांत काचेला टेकलेला भागच स्वच्छ येतो, मिलिमीटरभर उचललेला भागही धूसर होतो. आरसे आणि भिंग असलेल्या जुन्या धाटणीच्या जाड स्कॅनरांत याला थोडी अधिक सवलत असते. घड्या ताठ असतील तर तसला स्कॅनर शोधावा. इमल्शनचे पापुद्रे सुटत असतील तर मात्र फोटो काचेवर पालथा घालूच नये. तो टेबलावर ठेवून दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे लावून कॅमेऱ्याने वरून टिपावा.

फाटलेले तुकडे जोडून ठेवावेत का?

नाही, आणि चिकटपट्टीने तर नाहीच. चिकटपट्टी चकाकते, पिवळी पडते, आणि काढताना इमल्शन घेऊन निघते. कागद फाटतो तेव्हा तो उभा चिरत नाही, तिरका सोलला जातो. एका तुकड्याला पांढरी जिभेसारखी कड राहते आणि दुसऱ्यावर चित्राचा थर थोडा पुढे आलेला असतो. तुकडे एकमेकांना खेटून ठेवले की यातली एक कड दुसरीखाली दडते, आणि नेमके तिथलेच चित्र जाते. म्हणून तुकडे अर्धा सेंटिमीटर अंतर सोडून, मात्र सगळे एकाच दिशेने, फोटोत जसे होते तसे ठेवून, एकाच स्कॅनमध्ये घ्यावेत. एक तुकडा आडवा आणि एक उभा ठेवला तर सावल्यांची दिशा बदलते आणि सांधा मिळूनही तो ठिगळासारखा दिसतो. मागे मध्यम राखाडी कागद ठेवावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर फाटलेली पांढरी कड कुठे संपते ते ना आपल्याला कळते ना यंत्राला.

रंग, खोली आणि बंद करायची बटणे

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करावा. रंगीत स्कॅनमध्ये तांबडा, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा नोंदवला जातो, आणि अशा प्रत्येक नोंदीला वाहिनी म्हणतात. पिवळा डाग निळा उजेड शोषतो, पण तांबडा सहज परतवतो. त्यामुळे रंगीत स्कॅनच्या निळ्या वाहिनीत जो डाग काळाकुट्ट दिसतो, तो तांबड्या वाहिनीत जवळजवळ दिसतच नाही. तेवढी तांबडी वाहिनी घेतली, की निम्मी दुरुस्ती कोणतीही भर न घालता होते. थेट राखाडीत स्कॅन केला, तर डाग आणि चित्र कायमचे कालवले जातात.

बिटांची खोली, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती पायऱ्या मोजायच्या, ती प्रत्येक वाहिनीला १६ बिट ठेवावी. स्कॅनरमध्ये हा पर्याय `48-bit Color` असा दिसतो. नेहमीच्या ८ बिटांत २५६ पायऱ्या असतात, परंतु विटलेला फोटो त्यातल्या शंभरेकच वापरतो. त्या ताणून पूर्ण २५६वर पसरवल्या, की गालावर आणि आकाशात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे उमटतात. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या असल्यामुळे ताणायला ऐवज उरतो. फाइल टिफ स्वरूपात ठेवावी. जेपीईजी चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे ठोकळे करून दाबते आणि चिरेसारख्या धारदार रेघेभोवती बारीक तरंग सोडते, जे पुढच्या साधनाला आणखी एक इजा वाटते.

शेवटी, स्कॅनरच्या खिडकीतले `Unsharp Mask`, `Dust Removal`, `Color Restoration` हे पर्याय बंद करावेत. त्यांचे काम वाईट असते म्हणून नव्हे, तर ते मूळ नोंदीतच मिसळून जातात आणि नंतर वेगळे काढता येत नाहीत म्हणून.

"पण माझा फोन पन्नास मेगापिक्सेलचा आहे"

आकड्यांत पाहिले तर फोन कमी नाही. बहुतेक असे फोन नेहमीच्या वापरात चार घरांचे एक घर करून बारा मेगापिक्सेलचे चित्र देतात, पण साडेआठ इंचांवर तेही इंचाला ४७० भरते. अडचण दुसरीकडे आहे. फोन चित्र जतन करण्याआधीच त्यातला कण पुसतो आणि कडा धारदार करतो. म्हणजे एक आपोआप दुरुस्ती तिथेच होऊन जाते. शिवाय चकचकीत प्रिंटवर खोलीतला दिवा घडीवरच चमकतो, आणि हात किंचित तिरका असला की एक कोपरा अस्पष्ट होतो. घाईत नोंद हवी असेल तर फोन चालेल. चेहऱ्यावरून गेलेली चीर सोडवायची असेल तर नाही.

"सॉफ्टवेअर चित्र लहानच करते, मग एवढे मोठे कशाला?"

हा आक्षेप सर्वांत रास्त आहे. इजा शोधणारी अनेक साधने आलेले चित्र आधी लहान करून घेतात. इतकेच नव्हे, ती लहान चित्रांवर शिकलेली असल्यामुळे १,२००च्या स्कॅनमधली दहा पिक्सेल रुंदीची चीर त्यांना चीरच वाटत नाही, दोरी किंवा काठी वाटते, आणि ती तशीच सोडून दिली जाते. म्हणजे मोठा स्कॅन सरळ ढकलून दिला तर निकाल कधी कधी लहानापेक्षा वाईट येतो, हे खरे आहे.

म्हणून मोठा स्कॅन साधनाला द्यायचा नसतो, आपल्याजवळ ठेवायचा असतो. त्याची एक लहान प्रत करावी, साधनाकडून तिच्यावर मास्क काढून घ्यावा, तो मास्क मोठा करून मूळ स्कॅनवर ठेवावा, आणि पूर्ण आकारात पाहून जिथे तो नथीवर, भुवईवर, साडीच्या काठावर चढला आहे तिथे हाताने खोडावा. भर घालून झाल्यावर मास्कच्या बाहेरचे सर्व काही मूळ स्कॅनमधूनच परत घ्यावे. मोठ्यातून लहान केव्हाही करता येते. ७४ पिक्सेलच्या चेहऱ्यातून मोती परत आणता येत नाहीत.

जागेची तक्रारही होते. आमचा फोटो ६००वर १६ बिट रंगांत सुमारे १२० मेगाबाइट झाला, १,२००वर सुमारे ४७७. घरातल्या जुन्या फोटोंपैकी ज्यांना खरोखर एवढ्याची गरज आहे असे दहा-बारा निघतात, आणि तेवढे एका साध्या पेनड्राइव्हवर मावतात. वर्तमानपत्रातली कात्रणे किंवा कॅलेंडरवरची चित्रे या हिशेबात धरू नयेत; ती छपाईच्या ठिपक्यांची असतात आणि त्यांची तऱ्हा वेगळी.

आजीच्या चेहऱ्यावर काय उरले

नव्या स्कॅनमध्ये साधनाने काढलेला मास्क पुन्हा नथीवर चढलाच. पण या वेळी तो चढलेला दिसत होता. चीर नाकपुडीच्या वरून तिरकी येते, नथीच्या फाशाला एका ठिकाणी छेदते आणि ओठाच्या कोपऱ्याशी संपते. तेवढ्या छेदापुरता, म्हणजे एका मोत्याएवढा मास्क ठेवून बाकीचा मी खोडला. गालावर तांदळाच्या कणीएवढी जागा अशी आहे की तिथे कागदच उघडा आहे. तिथे आजूबाजूचा रंग भरला, वेगळी सुरकुती किंवा तीळ घातला नाही. चेहरा सुधारण्याची पायरी चालवलीच नाही, त्यामुळे आजी अ‍ॅपमधल्या आजीपेक्षा अंधुक दिसते.

स्कॅन काढताना फोटोची पाठही ३००वर घेतली होती, घडी नेमकी कुठून कुठे गेली आहे ते पाठीवरून चांगले कळते म्हणून. तिथे पेन्सिलने लिहिलेला एक आकडा निघाला. आत्या म्हणते, तो स्टुडिओतला प्लेटचा नंबर असणार. नथीत तिने सात मोती मोजले, आणि आठवा चिरेखाली आहे असे ती सांगते.